फलकावरचा 633 आणि वहीतलं दुसरं बाळंतपण

"आमचं गाव मराठवाड्यातलं, बत्तीसशे वस्तीचं. ग्रामपंचायतीबाहेर मुला-मुलींच्या जन्माचा फलक आहे. गेल्या वर्षी 30 मुलगे आणि 19 मुली, म्हणजे हजारी 633. पंचायत समितीच्या आढावा बैठकीत गावाचं नाव घेऊन सगळ्यांसमोर मला विचारणा झाली. त्याआधीच्या वर्षी मुली जास्त होत्या, तेव्हा मात्र सत्कार झाला होता. ग्रामसेवक म्हणतात, योगायोग आहे, मनावर घेऊ नका. काही सदस्य म्हणतात, गरोदर बायकांची यादी करा, दर महिन्याला चौकशी ठेवा आणि जिचं पोट पडलं तिला ग्रामसभेत बोलवा. आशाताईंनी पाच वर्षांची वही काढून दिली, तिची प्रत सोबत जोडते आहे. यातून काय समजायचं आणि मी काय करायचं?
– एक सरपंच"

सरपंचताई, ग्रामसेवकांचं एका वर्षापुरतं बरोबर आहे. सदस्यांना संशय आला तोही बरोबर आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय गावाला महागात पडेल. वहीची प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. उत्तर त्या वहीतच आहे, फलकावर नाही.

आधी 633 चं बघू. कुणीही काहीही न करता निसर्गतः 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्माला येतात. आपल्या पद्धतीने मांडलं तर हजार मुलग्यांमागे 950 च्या आसपास मुली. या हिशेबाने तुमच्या गावच्या 49 जन्मांत 24 मुली अपेक्षित होत्या, झाल्या 19. पाचच मुलींचा फरक, पण तो हजारात मांडला की 633 होतो आणि बैठकीत अंगावर येतो. इतक्या थोड्या जन्मांत असा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानेही दहा वर्षांतून एकदा पडतो. म्हणजे एखाद्या तालुक्यात तुमच्या गावाएवढी शंभर गावं धरली, तर काहीही गैर घडत नसताना दरवर्षी त्यातली दहाएक गावं अशी लाल रंगात येतील आणि तितकीच गावं सत्काराला पात्र ठरतील. पुढच्या वर्षी दोन्ही याद्या बदललेल्या असतील. तुमचा सत्कार आणि तुमची कानउघाडणी, दोन्ही याच जातीची. एका गावाचं एका वर्षाचं हजारी प्रमाण काढूच नये. फलकावर जन्मांची संख्या लिहावी, प्रमाण नको.

बैठकीत हमखास होणारा आणखी एक घोटाळा म्हणजे दोन वेगळे आकडे एकत्र करणं. जनगणनेतलं बाल लिंग गुणोत्तर हे सहा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुला-मुलींचं असतं. त्यात जन्मावेळची तफावत असते आणि जन्मानंतर मुलीच्या औषधपाण्यात, खाण्यात झालेली हेळसांडही असते. महाराष्ट्राचा हा आकडा 1991 मध्ये 946 होता, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. शेजारच्या बीड जिल्ह्याचा 939 वरून 894 आणि तिथून 807 वर आला. हे आकडे लाखो मुलांचे आहेत, तिथे योगायोगाला जागा उरत नाही. तुमच्या फलकावरचा आकडा फक्त जन्मावेळचा आणि फक्त 49 जन्मांचा आहे. त्याला 807 शेजारी बसवणं म्हणजे घागरीतल्या पाण्यावरून धरणाचा साठा सांगणं.

आता वही. ती वाचण्याआधी नोंद कुणाची आहे हे तपासावं लागतं. जन्माची सरकारी नोंद जिथे बाळंतपण होतं तिथे होते. गावातल्या बहुतेक बायका तालुक्याला बाळंत होतात, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत फार थोडे जन्म सापडतात आणि त्या वहीवरून रंगवलेला फलक मुळातच चुकतो. दुसरा गुंता माहेरचा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे गावच्या सुना बाहेर जातात आणि गावच्या लेकी इथे येतात. गावचा आकडा हवा असेल तर सुनांची बाळं मोजायची, ती कुठेही जन्मलेली असोत, आणि बाळंतपणाला आलेल्या लेकींची सोडून द्यायची. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची बाळंतपणं कारखान्याच्या तळावर किंवा परराज्यात झालेली असतात, ती परतल्यावर विचारून घ्यावी लागतात. तुमच्या आशाताईंनी हे सगळं केलेलं दिसतं. समासात 'माहेरी झाली', 'कारखान्यावर झाली' अशा बारीक नोंदी आहेत. तरी एक गोष्ट करून घ्या. वहीतली नावं अंगणवाडीच्या आणि लसीकरणाच्या यादीशी ताडून बघा. मुलीची नोंद उशिरा होते किंवा राहून जाते असं कुठे कुठे घडतं. तुमच्याकडे तसं झालं असेल तर मुली जन्मल्याच नाहीत असं नसून लिहिल्या गेल्या नाहीत इतकंच असेल.

वहीत पाच वर्षांत 241 जन्म आहेत, 131 मुलगे आणि 110 मुली. हे प्रमाण 840 येतं. ऐकायला वाईट वाटतं, पण अडीचशेच्या आत जन्म असतील तर एवढं अंतरही योगायोगाच्या टप्प्यात येतं. इथे थांबलात तर ग्रामसेवक जिंकले. एक पायरी पुढे जाऊन त्याच जन्मांचे तीन ढीग करा: पहिलं बाळ, घरात आधी मुलगा असतानाचं पुढचं बाळ, आणि घरात आधी फक्त मुलगी किंवा मुलीच असतानाचं पुढचं बाळ. आशाताईंच्या वहीत प्रत्येक नावापुढे कितवं बाळंतपण आणि आधीची अपत्यं लिहिलेली आहेत, त्यामुळे हे काम एका दुपारचं आहे. आम्ही ते करून पाहिलं.

पहिल्या बाळंतपणाचे 112 जन्म आहेत, त्यात 57 मुलगे आणि 55 मुली. अगदी नैसर्गिक. घरात आधी मुलगा असताना झालेले जन्म 63, त्यात 30 मुलगे आणि 33 मुली. इथेही काही नाही, उलट मुली किंचित जास्त. उरले 66 जन्म, ज्या घरांत आधी मुलगीच होती. त्यात 44 मुलगे आणि 22 मुली. मुलग्यांच्या बरोबर निम्म्या.

योगायोगाने असं व्हायचं तर ते शंभरात एकदाही कठीण. शिवाय योगायोग असा घर बघून येत नाही. जिथे मुलगा आहे तिथे प्रमाण ठीक आणि जिथे नाही तिथेच मोडलेलं, हे कुणीतरी निवड केल्याशिवाय घडत नाही. 44 मुलग्यांमागे 42 मुली असायला हव्या होत्या, आहेत 22. पाच वर्षांत वीस, म्हणजे तुमच्या गावातून वर्षाला साधारण चार मुली कमी झाल्या आहेत. 633 पेक्षा हा आकडा लहान दिसतो, पण हा खरा आहे.

यावर एक आक्षेप तुम्हाला ऐकायला मिळेल: 'लोक मुलगा होईपर्यंत थांबत नाहीत, म्हणून मुलगे जास्त दिसतात.' तो खोटा आहे. थांबणं न थांबणं यामुळे शेंडेफळ मुलगा असण्याचं प्रमाण वाढतं, पण पुढच्या बाळंतपणात मुलगा की मुलगी याची शक्यता बदलत नाही. चार मुलींनंतर पाचव्या खेपेलाही निसर्ग जवळपास अर्धं-अर्धंच वाटतो. निसर्गात हस्तक्षेप झाला तरच त्या ढिगात निम्म्या मुली नाहीशा होतात. ही गोष्ट तुमच्याच गावची नाही. देशभरच्या घरोघरच्या पाहणीत, पहिली मुलगी असलेल्या घरांतल्या दुसऱ्या जन्माचं प्रमाण 1990 मध्ये हजारी 906 होतं आणि 2005 मध्ये 836 झालं. पहिला मुलगा असलेल्या घरांत अशी घसरण नव्हती.

याचा अर्थ असा की गावातली माणसं मुलींचा द्वेष करतात, असं नाही. पहिली मुलगी झाली की पेढे वाटणारी माणसंच दुसऱ्या खेपेला 'तपासून' घेतात. पूर्वी चार-पाच लेकरं होत, त्यात एखादा मुलगा आपसूक यायचा. आता दोनच हवीत, आणि दोनांत एक मुलगा हवाच, हा हिशेब झाला. कुटुंब लहान झालं, मुलाची अट मात्र तशीच राहिली, आणि मध्ये यंत्र हाताशी आलं. म्हणून ही गोष्ट अडाणी, गरीब भागाची नाही. 2001 च्या जनगणनेत साखरपट्ट्यातला सधन, बागायती कोल्हापूर जिल्हा 839 वर होता, आणि आदिवासी गडचिरोलीत बाल लिंग गुणोत्तर साडेनऊशेच्या पुढे होतं. ज्याला तपासणीचे, गाडीचे आणि पुढच्या खर्चाचे पैसे परवडतात आणि ज्याच्याकडे वाटणीला जमीन आहे, तिथे हे जास्त घडतं. यात कायद्यानेही नकळत भर घातली. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यत्व जातं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. राजकारणात उतरू पाहणाऱ्या घरात दुसरं बाळंतपण हीच शेवटची संधी ठरते. तुमच्या बैठकीत यादीची मागणी करणाऱ्या सदस्यांनी आपापल्या घरचा हिशेब एकदा मनातल्या मनात करून बघावा, एवढंच म्हणू.

आता त्या यादीकडे येऊ, कारण तुम्हाला लगेच निर्णय तिच्यावरच घ्यायचा आहे. ती करू नका. गर्भलिंगनिदान गुन्हा आहे, गर्भपात नाही. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने तो ठरावीक कारणांसाठी आणि मान्यताप्राप्त ठिकाणी कायदेशीर आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि त्यापुढे 24 आठवड्यांपर्यंत काही विशिष्ट गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं. डॉक्टरने तिचं नाव उघड करणं याच कायद्याने दंडनीय आहे. आपोआप गर्भ पडणं तर सर्रास घडतं. ग्रामसभेत एखादीला 'तुझं पोट का पडलं' असं विचारलंत तर कायद्याने जपलेली तिची गोपनीयता तुम्हीच चव्हाट्यावर आणाल. आणि परिणाम काय होईल? बायका गरोदरपण लपवतील, नोंदणी पाचव्या महिन्यानंतर करतील, आणि ज्यांना गर्भपात करायचाच आहे त्या सरकारी दवाखान्याऐवजी मागच्या दाराने जातील. 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एका विवाहितेचा असाच गर्भपात करताना मृत्यू झाला आणि त्यानंतर ओढ्याकाठी पुरलेले 19 गर्भ सापडले. ती जागा ना नोंदलेली होती, ना ते करणाऱ्याला तसा अधिकार होता. सगळे पहारे बाईवर ठेवले की बाजार अशाच जागी सरकतो.

बाई आरोपी नाही, हे कायद्यातही स्पष्ट आहे. 1994 चा गर्भधारणापूर्व व प्रसूतिपूर्व निदान तंत्रे कायदा (2003 पासून सुधारित) असं गृहीत धरतो की तिच्यावर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी जबरदस्ती केली, आणि तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं. तपासणी करवून घेणाऱ्या नवऱ्याला वा नातेवाइकांना पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड आहे. डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड, शिवाय वैद्यक परिषदेची नोंदणी जाण्याची टांगती तलवार. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे आणि आपसात मिटवता येत नाही. रक्ताच्या तपासणीतून लिंग सांगणंही याच कायद्यात येतं, फक्त सोनोग्राफी नव्हे.

म्हणून लक्ष ठेवायचं ते केंद्रावर. पुन्हा आशाताईंची वही उघडा आणि त्या 66 बाळंतपणांत नोंदणी कितव्या महिन्यात झाली तो रकाना बघा. आम्हाला एक गोष्ट ठळक दिसली. पहिल्या खेपेला ज्या बाईने आठव्या-दहाव्या आठवड्यात नोंद केली, तीच बाई दुसऱ्या खेपेला, पहिली मुलगी असताना, पाचव्या महिन्यात येते आणि येते ती नेमकी मुलगा जन्माला घालणारी. ज्यांना मुलगी झाली त्यांच्यात हा उशीर फारसा नाही. सोनोग्राफीत गर्भाचं लिंग कळू शकतं ते साधारण चौथ्या महिन्याच्या सुमाराला. त्याआधी नोंद केली आणि मग गर्भ नाहीसा झाला तर सिस्टर विचारणार, म्हणून निकाल कळेपर्यंत नोंदच करायची नाही, असा हा व्यवहार असतो. हा पुरावा नव्हे, उशीर माहेरी राहिल्यानेही होतो. पण कुठे चौकशी करायची याची दिशा मिळते. या उशिरा आलेल्या बायकांच्या फाइलीत सोनोग्राफीचे कागद कुठल्या केंद्राचे आहेत ते आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर यांनी, नावं बाहेर न काढता, नुसतं मोजावं. जवळ तीन केंद्रं असताना अर्ध्या बायका साठ किलोमीटरवरच्या एकाच केंद्रात गेल्या असतील, तर तुमच्या हाती सांगण्यासारखं काही आलं.

ते सांगायचं समुचित प्राधिकाऱ्याला. जिल्ह्याला जिल्हा शल्यचिकित्सक, तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, महापालिका हद्दीत आरोग्य अधिकारी. पोलीस ठाण्यात नव्हे. या कायद्याखाली न्यायालय तक्रार घेतं ती प्राधिकाऱ्याची. पोलिसांनी परस्पर केलेल्या कारवाया पुढे न्यायालयात याच मुद्द्यावर अडकतात. अर्ज लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. त्यात केंद्राचं नाव-पत्ता, कोणत्या वारी गर्दी असते, गाडी कुणाची, मध्यस्थ कोण, किती पैसे घेतात, निकाल कसा सांगतात (पेढा की जिलेबी, असल्या खुणेने) एवढं लिहा. एकाही गरोदर बाईचं नाव लिहू नका. नियमांनुसार तक्रारीची चौकशी 24 तासांत सुरू होऊन 48 तासांत पूर्ण व्हायला हवी. काहीच हालचाल झाली नाही तर दुसरा रस्ता आहे. न्यायालयात जाण्याचा इरादा लिहून किमान 15 दिवसांची नोटीस प्राधिकाऱ्याला द्यायची, आणि मुदत संपली की कुणीही नागरिक वा संस्था थेट न्यायालयात तक्रार करू शकते. बहुतेक ठिकाणी ही नोटीस पोचली की चक्रं हलतात. नाव द्यायचं नसेल तर आरोग्य विभागाच्या amchimulgimaha.in या संकेतस्थळावर किंवा 1800 233 4475 या निःशुल्क क्रमांकावर कळवता येतं.

प्राधिकारी केंद्रात जाऊन काय बघतात हे माहीत असलेलं बरं, म्हणजे तुमची तक्रार त्या दिशेने लिहिता येईल. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा 'एफ' नमुना भरावा लागतो. त्यात तिची हयात मुलं किती, मुलगे किती, मुली किती, शेवटच्या पाळीची तारीख, कुणी पाठवलं, कोणत्या कारणासाठी तपासणी, हे सगळं असतं. खाली लिंग जाणून घ्यायचं नाही असं बाईचं आणि लिंग सांगितलं नाही असं डॉक्टरचं प्रतिज्ञापन असतं. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत पोचवायचा असतो. एकेक नमुना नीट भरलेला दिसतो. चोरी उघडी पडते ती सगळे नमुने शेजारी ठेवल्यावर: चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या, दूरच्या तालुक्यातून आलेल्या, एक-दोन मुली असलेल्या बायकाच जास्त, पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी नाही, आणि बऱ्याच जणींपुढे एकच मोबाइल नंबर. डॉक्टर मंडळींची तक्रार असते की कारकुनी चुकांसाठी आम्हाला गुन्हेगार ठरवतात. पण 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अपुरी नोंद हाच गुन्हा मानणारी ही तरतूद कायम ठेवली, कारण बंद खोलीत बोललेल्या शब्दाचा दुसरा माग उरतच नाही.

बनावट ग्राहक पाठवून सापळा लावण्याची कल्पना गावात कुणाच्या तरी डोक्यात येईलच. ती गावाने करू नये. त्यासाठी खरोखर गरोदर असलेली आणि पुढे न्यायालयात टिकून साक्ष देणारी बाई लागते, नोटांचे नंबर आधी पंचनाम्यात यावे लागतात, यंत्र जागेवर सील व्हावं लागतं आणि हे सगळं प्राधिकाऱ्याच्या उपस्थितीत व्हावं लागतं. यातलं एक सुटलं तरी आरोपी सुटतो आणि केंद्र पुन्हा सुरू होतं, या वेळी जास्त सावधपणे. ज्या बाईला सापळ्यात नेता तिला पुढची कितीतरी वर्षं तारखांना जावं लागतं, हेही लक्षात घ्या.

केंद्र बंद पडलं तरी त्या 66 घरांतली मुलाची अट जात नाही, लोक पुढचं केंद्र शोधतात. ती अट कशावर उभी आहे हे पाहायचं तर घोषणांच्या भिंतीपेक्षा तलाठ्याचं दप्तर जास्त बोलतं. बाप गेला की वारस नोंदीचा अर्ज येतो. त्यात मुलींची नावं असतात, कारण कायद्याने घालावीच लागतात, आणि थोड्याच दिवसांत बहिणी एका गाडीतून तालुक्याला येऊन हक्कसोड पत्रावर सही करून जातात. बदल्यात साडी-चोळी आणि भावाशी संबंध टिकल्याचं समाधान. हे बघत मोठ्या झालेल्या प्रत्येक घराला कळतं की जमीन, घर आणि म्हातारपण हे तिन्ही मुलाच्याच नावावर जातं. कायदा केव्हाच पुढे गेलेला आहे. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने वाटेकरी आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाप 2005 मध्ये हयात असण्याचीही अट नाही. यातला आडवळणी धोकाही सांगून ठेवतो. मुलगी वाटा मागू शकते म्हटल्यावर काही घरांत 'जमीन जावयाकडे जाणार' ही भीती वाढते आणि मुलगी आणखी नकोशी होते. म्हणून नुसता कायदा वाचून दाखवू नका. मुलीच म्हातारपणी सांभाळतात अशी दोन-तीन घरं गावात असतातच. त्यांचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर त्या मुलीच्या नावावर लागलं आहे का ते बघा. ते तुमच्या अखत्यारीत आहे आणि एखादी अशी नोंद दहा फेऱ्यांपेक्षा जास्त बोलते. जिवंतपणी मृत्युपत्र करून मुलीला वाटा देणाऱ्या बापाला हक्कसोड आडवं येत नाही, ही साधी माहिती ग्रामसभेत द्या.

योजनांबद्दल थोडक्यात. 'लेक लाडकी'त 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलीला, घरचं रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर, जन्मानंतर 5 हजार, पहिलीत 6, सहावीत 7, अकरावीत 8 आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75 हजार, असे मिळून 1 लाख 1 हजार रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडीताईंकडे. तो जरूर भरून घ्या, मुलीच्या शाळेला त्याचा उपयोग होतो. पण ज्या घरात जमिनीसाठी मुलगा हवा आहे तिथे अठरा वर्षांनंतरचे पाऊण लाख निर्णय फिरवत नाहीत, आणि पांढऱ्या कार्डाची सधन घरं, जिथे तपासणी जास्त होते, या योजनेत बसतच नाहीत. 'बेटी बचाओ'चा तर 2016 ते 2019 मधला जवळपास 79 टक्के निधी जाहिरातीवर खर्च झाला, असं संसदीय समितीनेच नोंदवलं आहे. तुमचा फलकही त्याच योजनेतला. त्यावरचं चित्र पुसू नका, आकडे बदला.

बदलायचं ते असं. वर्षाचा आकडा काढून मागच्या पाच वर्षांची एकत्रित संख्या लिहा, दर जानेवारीत जुनं वर्ष वगळून नवं घाला. तिसऱ्या ढिगाचा आकडा मात्र फलकावर कधीही लिहू नका. वर्षाला तेरा-चौदाच घरं असतात आणि गावात कुणाचं घर ते सगळ्यांना कळतं. तो तुमच्या, आशाताईंच्या आणि सिस्टरच्या वहीत राहू द्या. त्याच तेरा-चौदा घरांत, पहिली मुलगी दीड-दोन वर्षांची होईल तेव्हा, आशाताईंनी सासूसह बसून बोलावं. नेमकी तेव्हा पुढच्या बाळाची बोलणी घरात सुरू झालेली असतात. गरोदर राहिल्यावर बोलायला गेलात तर ती पाळत वाटते.

पुढच्या आढावा बैठकीत 633 बद्दल पुन्हा विचारलं तर तीन ढिगांचा कागद पुढे ठेवा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा की हीच फोड त्यांच्याकडे तालुक्यातल्या सगळ्या गावांची मिळून आहे का. तालुक्याला हजारांत जन्म असल्यामुळे तिथे एका वर्षातही चित्र स्पष्ट दिसतं, आणि कुठल्या केंद्राभोवतीच्या गावांत तिसरा ढीग मोडलेला आहे हेही कळतं. तुमच्या गावात फरक पडला की नाही हे मात्र किमान तीन वर्षांनी, चाळीसएक जन्म जमल्यावरच बघा. त्याआधी कुणी सत्काराला बोलावलं तर नारळ घ्या, पण वही चालू ठेवा.